एकाच कॅमेऱ्याने चाललेली वाट मोजताना स्केल कुठे सरकतं

हातात एक साधा कॅमेरा धरून चालायचं आणि फक्त त्या व्हिडिओवरून आपण कुठून कुठे गेलो ते काढायचं, म्हणजे मोनोक्युलर व्हिज्युअल ओडोमेट्री. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टीच्या दिवसांत मी हे काम करत होतो. कोड लिहायला मदत करणारं बरंच काही मिळतं, पण आलेली ट्रॅजेक्टरी, म्हणजे काढलेली वाट, चुकीची का आहे आणि ती चूक नेमकी कुठे शिरली हे कसं ओळखायचं यावर मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून जे केलं ते क्रमाने लिहितोय.

जूनचा पहिला आठवडा कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची फोकल लेंथ वगैरे मापं काढण्यात, गेला. ९ बाय ६ आतल्या कोपऱ्यांचा चेसबोर्ड कागदावर छापून काचेवर अगदी सपाट चिकटवला. फुगलेला कागद चालत नाही, त्याने फोकल लेंथ चुकते आणि चूक कुठून आली ते पुढे अजिबात कळत नाही. फोनचाच कॅमेरा वापरणार असाल तर कॅलिब्रेशन फोटो मोडमध्ये करू नका, व्हिडिओ मोडमध्ये बहुतेक फोन सेन्सरचा थोडा भाग कापतात त्यामुळे फोकल लेंथ पिक्सेलमध्ये वेगळी येते, म्हणून ज्या मोडमध्ये चालणार त्याच मोडमध्ये व्हिडिओ घेऊन त्यातल्या फ्रेम वापरायच्या. फोकस लॉक, एक्सपोजर लॉक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टॅबिलायझेशन बंद. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं, वाकवतं, मग कॅमेऱ्याचं मॉडेल दर फ्रेमला बदलतं आणि आपण मात्र एकच मॉडेल धरून बसलेलो असतो. मला १२८० बाय ७२० ला फोकल लेंथ साधारण ९५० पिक्सेल मिळाली, रीप्रोजेक्शन एरर, म्हणजे मॉडेलने सांगितलेली आणि चित्रात दिसलेली जागा यांतला फरक, ०.३ पिक्सेलच्या आसपास. एवढं पुरतं. खर्चही नाही, कॅमेरा होता आणि लायब्ररी सगळ्या मोफत.

मग पहिला कोड. दोन फ्रेममधले जुळणारे पॉइंट घ्यायचे, त्यावरून इसेन्शियल मॅट्रिक्स काढायचा, त्यातून फिरणं आणि सरकणं वेगळं करायचं:

```python
E, m = cv2.findEssentialMat(p1, p2, K, cv2.RANSAC, 0.999, 1.0)
n, R, t, m = cv2.recoverPose(E, p1, p2, K, mask=m)
print(np.linalg.norm(t))
```

शेवटची ओळ प्रत्येक वेळी `1.0` छापते. हळू चाला, पळा, काहीही करा, एकच. मी कॅमेरा टेबलावर ठेवून न हलवता रेकॉर्ड केलं तरी लांबी १.० च आली, कारण पॉइंटमध्ये जी अर्ध्या पिक्सेलची थरथर असते त्यातूनसुद्धा तो कुठली तरी एक दिशा काढतो आणि तिची लांबी १ करून देतो. नवीन माणसाने हा प्रयोग जरूर करावा, कारण या एका आकड्यात विषयाची अर्धी अडचण दिसते. `t` मध्ये फक्त दिशा आहे, अंतर नाहीच.

अंतर का नाही, तर प्रोजेक्शनचं समीकरण `s·x = K(R·X + t)` असं आहे, यात `K` म्हणजे कॅलिब्रेशनमधून आलेला मॅट्रिक्स, `R` फिरणं आणि `s` पॉइंट किती लांब आहे तो आकडा. आता जगातले सगळे पॉइंट `X` दुप्पट लांब न्या आणि कॅमेऱ्याचं सरकणं `t` पण दुप्पट करा, डावीकडचा `s` दुप्पट होईल पण पिक्सेल `x` जिथल्या तिथे राहील. म्हणजे खऱ्या खोलीत एक पाऊल चाललं काय आणि हुबेहूब तशाच बाहुलीच्या घरात बोटभर सरकलं काय, चित्र एकच येणार. व्हिडिओत ती माहिती, म्हणजे स्केल, आलेलीच नाही, म्हणून कुठलाही हुशार अल्गोरिदम ती शोधून काढू शकत नाही, बाहेरून द्यावीच लागते.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं, आणि मग वाटतं की ठीक आहे, शेवटी एका आकड्याने गुणलं की झालं. मलाही सुरुवातीला हा प्रश्न एवढाच वाटत होता. खरी गोम पुढे आहे. पहिल्या दोन कीफ्रेम, म्हणजे नकाशासाठी निवडलेल्या फ्रेम, यांच्यातलं अंतर आपण १ मानतो, त्यावरून पॉइंटची खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, काढतो, मग पुढची फ्रेम त्या पॉइंटवरून `cv2.solvePnPRansac` ने बसवतो, नवीन पॉइंट तयार करतो, पुढची फ्रेम त्यांच्यावर, असं चालू राहतं. म्हणजे स्केल हे एका पॉइंटच्या घोळक्याकडून पुढच्या घोळक्याकडे हातोहात दिलं जातं, आणि प्रत्येक देण्याघेण्यात थोडं कमीजास्त होतं. त्यामुळे न कळलेला आकडा एक नसतो, वाटेवर तो बदलत जातो. सुरुवातीचा एक युनिट आणि शेवटचा एक युनिट एकाच लांबीचे नसतात. याला स्केल ड्रिफ्ट म्हणतात, आणि माझा जुलै सगळा यातच गेला.

हे मोजायला जागा हवी होती. एका इमारतीच्या तळमजल्यावर चौकोनी फिरणारा पॅसेज आहे, टेपने मोजला तर लांब बाजू ४२ मीटर, आखूड १८, पूर्ण फेरी १२० मीटर. तिथे शूटिंगला परवानगी लागते. अर्जात कारण, दिवस, वेळ, कोणाचे चेहरे येणार नाहीत याची हमी, आणि जमिनीवर लावलेल्या पट्ट्या काढून घेईन असं लिहून द्यावं लागलं. व्यवस्थापकांनी विचारलं, "अहो, पण रोज येणार का तुम्ही?" म्हटलं नाही साहेब, फक्त रविवारी सकाळी, माणसं नसताना मलाही बरं पडतं. अर्ज एकदा परत आला कारण त्यावर पॅसेजचा नकाशा जोडलेला नव्हता, एकूण दीड-दोन आठवडे गेले. तुम्ही करणार असाल तर नकाशा आधीच जोडा आणि कुठे पट्ट्या लावणार ते त्यावर खुणा करून द्या, तोच नकाशा नंतर मोजणीलाही कामी येतो.

पट्ट्या म्हणजे साध्या रंगीत चिकटपट्ट्या. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला एक जोडी आणि शेवटाला एक जोडी, जोडीतल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर बरोबर ३ मीटर. कॅमेरा किंचित खाली झुकवून चालायचं म्हणजे जमीन दिसत राहते. नंतर दोन कीफ्रेममध्ये पट्टीचे कोपरे माउसने क्लिक करायचे, ट्रँग्युलेट करायचे, म्हणजे दोन्ही फ्रेममधल्या किरणांवरून त्यांची जागा काढायची, आणि कोडने बनवलेल्या नकाशाच्या युनिटमध्ये जे अंतर येईल त्याला ३ ने भागायचं. ते त्या जागेचं स्केल. पट्ट्या ओडोमेट्रीला दाखवायच्या नाहीत, त्या फक्त तपासायला. या कामाला एक संध्याकाळ लागते पण याच्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या रविवारची फेरी. सावकाश चाललं तर १२० मीटरला अडीच मिनिटं, ३० फ्रेमच्या हिशोबाने ४५०० फ्रेम, माझ्या पायथन कोडला त्यासाठी नऊ-दहा मिनिटं लागायची. पहिली बाजू ४२ मीटर धरून बाकी सगळं त्या मापात बदललं. मग बाजू अशा आल्या: ४२, १७.१, ३७.०, १५.१. खऱ्या मापाशी भागलं तर स्केल १, ०.९५, ०.८८, ०.८४. फेरी जिथून सुरू केली तिथेच संपवली होती, पण नकाशात सुरुवात आणि शेवट यांच्यात एका दिशेला ५ मीटर आणि दुसऱ्या दिशेला २ मीटर फरक, म्हणजे साधारण ५.४ मीटरची फट, १२० मीटरवर साडेचार टक्के.

आता नुसती साडेचार टक्के फट बघितली तर कळत नाही काय बिघडलंय. दिशा चुकली की स्केल? यासाठी आकृतीकडे बघायचं. माझ्या आकृतीत तिन्ही कोपरे ९० अंशांच्या आजूबाजूला, एका अंशाच्या आत होते, समोरासमोरच्या बाजू समांतर होत्या, फक्त आत आत आखूड होत गेल्या होत्या, चौकोनी गुंडाळी झाल्यासारखं. हे स्केल ड्रिफ्टचं लक्षण. दिशेची चूक असती तर बाजूंची लांबी बरोबर राहून कोपरे उघडले किंवा मिटले असते. ३ अंशांची दिशेची चूक ४२ मीटरच्या टोकाला २.२ मीटर बाजूला नेते, ती लगेच डोळ्याला दिसते. दोन्ही चुका एकत्र असतील तर आधी कोपरे मोजा, मग बाजू.

मग पट्ट्यांचे आकडे काढले आणि खरी गोष्ट तिथे कळली. एकाच बाजूच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्ट्यांमध्ये स्केलचा फरक टक्काभराच्या आत होता. म्हणजे सरळ चालताना स्केल जवळजवळ टिकून होतं. पण एका बाजूची शेवटची जोडी आणि वळणानंतरची पहिली जोडी यांच्यात ५ ते ७ टक्क्यांची उडी, तिन्ही कोपऱ्यांवर. लांब वाटेवर ड्रिफ्ट हळूहळू सारखा साचत जातो असं वाचून माझ्या डोक्यात जे चित्र होतं त्यापेक्षा हे फार वेगळं होतं, कारण हाताने धरलेल्या कॅमेऱ्यात तो मुख्यतः वळणांवर साचतो.

कारण विचार केल्यावर सरळ आहे. माणूस कोपऱ्यावर पाय रोवून जागच्या जागी वळतो, दीडेक सेकंदात ९० अंश. माझ्या कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन साधारण ६८ अंश, म्हणजे वळण संपेपर्यंत आधीचा एकही पॉइंट फ्रेममध्ये उरत नाही. जे नवीन पॉइंट येतात ते कॅमेरा फक्त फिरत असताना येतात, सरकत नसताना, आणि नुसतं फिरण्याने खोली कळतच नाही, पॅरॅलॅक्स लागतो, म्हणजे कॅमेरा सरकल्यावर जवळचे आणि दूरचे पॉइंट चित्रात कमीजास्त सरकायला हवेत. मग नव्या पॉइंटची खोली अगदी छोट्या सरकण्यावरून अंदाजाने ठरते आणि स्केल त्या कच्च्या पॉइंटच्या हाती जातं. शिवाय समोर एकरंगी भिंत, त्यामुळे पॉइंट मुळात थोडे.

खोलीची चूक किती, त्याचं साधं सूत्र `δZ ≈ Z²·δd / (f·b)`, यात `Z` म्हणजे पॉइंटची खोली आणि `δd` पिक्सेलची चूक. `f` ९५० पिक्सेल, दोन फ्रेममधलं बाजूचं सरकणं `b` ३० सेंटिमीटर आणि पिक्सेलची चूक अर्धा पिक्सेल धरली तर ३ मीटरवरच्या पॉइंटला दीडेक सेंटिमीटरची चूक, आणि ३० मीटरवरच्याला दीड मीटरहून जास्त. अंतर दहापट तर चूक शंभरपट. आणि वळणावर `b` ३० सेंटिमीटर नसतंच, ५ सुद्धा मिळत नाही कधी कधी. म्हणूनच मोकळ्या मैदानात दूरची झाडं, इमारती दिसत असताना दिशा फार छान टिकते पण स्केल ढिलं पडतं, दूरचे पॉइंट फिरण्याबद्दल खूप सांगतात, सरकण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

वेगाने वळण्याचा आणखी एक तोटा आहे रोलिंग शटरचा. साध्या कॅमेऱ्यात फ्रेमच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात, त्याला समजा २५ मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला ६० अंशांनी वळताना वरची आणि खालची ओळ यांच्यात दीड अंशाचा फरक पडतो, माझ्या कॅमेऱ्यात तो सुमारे २५ पिक्सेल. कोडमध्ये आपण एक पिक्सेलची मर्यादा लावून बसलोय आणि चित्रच २५ पिक्सेल तिरकं आहे. पाच सेकंद घेऊन वळलं तर हाच फरक ७-८ पिक्सेलवर येतो. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा कॅमेरा मिळत असेल तर हा भाग संपतोच, पण नसेल तर वळण्याचा वेग हाच एक उपाय आपल्या हातात आहे.

पुढच्या रविवारपासून चालणं बदललं, आणि कोडमध्ये फक्त एक गोष्ट. चालण्यात असं की कोपऱ्यावर थांबून वळायचं नाही, बाहेरच्या भिंतीकडून आत कापत मोठ्या कमानीत जायचं, पाय चालू ठेवायचे, आणि कोपऱ्याच्या दोन-तीन मीटर आधीपासूनच कॅमेरा हळूहळू वळवायला लागायचं, म्हणजे शरीर पुढे जातंय आणि कॅमेरा तिरका बघतोय, त्या वेळी पॅरॅलॅक्स उत्तम मिळतो. जुने पॉइंट दिसत असतानाच नवे पॉइंट पक्के झाले पाहिजेत, सगळा खटाटोप त्यासाठी. सरळ रेषेत अगदी समोर बघत चालणंही तितकं चांगलं नाही, मध्यभागातले पॉइंट फारसे सरकत नाहीत, कॅमेरा २०-३० अंश बाजूला रोखला की फरक पडतो. कोडमध्ये एवढंच की ज्या पॉइंटच्या दोन किरणांमधला कोन एका अंशापेक्षा कमी आहे तो अजून नकाशात घ्यायचा नाही, थांबायचं. याने काही वेळा वळणावर पॉइंट कमी पडून ट्रॅकिंग तुटतं, तेव्हा मर्यादा थोडी सैल करावी लागते, पण मला तुटलेलं ट्रॅकिंग परवडतं, ते निदान दिसतं तरी. सरकलेलं स्केल कोणतीच एरर देत नाही, इनलायर म्हणजे मॉडेलमध्ये बसणारे पॉइंट भरपूर, रीप्रोजेक्शन एरर छान, आणि तरी नकाशा बारा टक्के लहान.

पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचाही त्रास होता, शटर फार वेगवान ठेवलं की फ्रेमवर आडवे पट्टे यायचे. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/१०० ठेवलं. पट्टे गेले, आणि हळू वळत असल्यामुळे ब्लरही सोसण्याइतका राहिला.

ऑगस्टच्या सुरुवातीची फेरी अशी आली: ४२, १७.६, ४०.७, १७.१. स्केल १, ०.९८, ०.९७, ०.९५. फट सुमारे १.४ मीटर, सव्वा टक्क्याच्या आत. कोपऱ्यावरच्या उड्या एक-दोन टक्क्यांवर आल्या. आकडे बघून खरंच बरं वाटलं, जुलैत अनेकदा सोडून द्यावंसं वाटलं होतं, कारण कोडमध्ये काही केलं तरी काहीच हलत नव्हतं.

मोजणीबद्दल एक सांगतो, यात बरेच जण फसतात. `evo` या ट्रॅजेक्टरी तपासायच्या टूलमध्ये `evo_ape tum gt.txt est.txt -as` असं चालवलं की तो पूर्ण ट्रॅजेक्टरीला एकच स्केल लावून खऱ्या वाटेवर बसवतो. त्यात सुरुवातीचं मोठं आणि शेवटचं छोटं स्केल मधल्या कुठल्या तरी आकड्यावर सरासरीने झाकलं जातं आणि एरर बरी दिसते. मोनोक्युलरला `-s` लागतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. म्युनिकच्या टीयूएम या तंत्रज्ञान विद्यापीठाचा २०१६ चा मोनोक्युलर डेटासेट यासाठी बघण्यासारखा आहे, हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या ५० वाटा, प्रत्येक वाट निघाल्या जागी परत येते, आणि खरी जागा फक्त सुरुवातीच्या व शेवटच्या तुकड्याला माहीत असते. सुरुवातीचा तुकडा वेगळा बसवायचा, शेवटचा वेगळा, आणि दोघांमध्ये स्केल किती बदललं, दिशा किती फिरली ते काढायचं. माझ्या पट्ट्या म्हणजे याचंच घरगुती रूप, फक्त मधेही तपासणी करता येते एवढंच.

फट बुजवायची तर लूप क्लोजर, म्हणजे परत आल्यावर तीच जागा ओळखून वाटेची दोन टोकं जोडणं. हे ओडोमेट्रीच्या पलीकडचं आहे, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. फट बुजवताना फक्त फिरणं आणि सरकणं एवढी सहाच परिमाणं सोडली तर बाजू लहान-मोठ्या होऊ शकत नाहीत, मग सगळी चूक वाकण्यात जाते, मी करून बघितलं तर आधी बरोबर असलेले कोपरेच बिघडले. स्केल हे सातवं परिमाण म्हणून मोकळं ठेवावं लागतं, स्ट्रासडाट, मोंटिएल आणि डेव्हिसन यांनी २०१० मध्ये नेमकं हेच मांडलं. तसं केल्यावर ऑगस्टच्या फेरीच्या लांब बाजू ४२ च्या अर्ध्या मीटरच्या आत आल्या. पूर्ण बरोबर नाहीत, कारण ही पद्धत बदल सगळ्या वाटेवर पसरवते आणि माझी चूक कोपऱ्यांवर साचलेली होती.

आणि वाट परत फिरून येतच नसेल तर? मग लूप नाही, शेवटचं स्केल सांगणारं काहीच नाही. कॅमेऱ्याला आयएमयू, म्हणजे प्रवेग आणि फिरणं मोजणारा सेन्सर, जोडला तर स्केल कळतं, पण फक्त वेग बदलत असेल तर, अगदी एकसारख्या वेगाने सरळ गेलात तर त्यालाही कळत नाही, त्या बाबतीत हाताची हालचाल उलट उपयोगीच पडते. आयएमयू नसेल तर वाटेच्या सुरुवातीला, प्रत्येक मोठ्या वळणाच्या पुढे आणि अगदी शेवटी ३ मीटरच्या पट्ट्यांची एकेक जोडी लावा, सगळ्या जोड्या एकाच टेपने मोजा, आणि कॅमेरा त्यांच्यावरून जाताना दोन्ही पट्ट्या निदान सेकंदभर तरी एकत्र दिसतील इतकं हळू चाला.